नव्या घाऊक व्यवसायाने सगळ्याच प्लॅटफॉर्मवर असावे का?

"धंदा नवीन आहे ना? मग फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, लिंक्डइन, इंडियामार्ट, व्हॉट्सॲप, सगळीकडे खाते उघडा. पैसे लागत नाहीत. रोज पोस्ट टाका, फॉलोअर वाढले की ऑर्डर आपोआप येतील. मोठ्या कंपन्या बघा, त्या सगळीकडे आहेत."

हा सल्ला नागपुरातील व्यापाऱ्यांच्या ग्रुपांवर सतत फिरत असतो, आणि घाऊक व्यापारात नव्याने उतरणारी मंडळी तो मनावर घेतात. तो तपासण्यासाठी एकच व्यवसाय डोळ्यांसमोर ठेवू. गांधीबागेतून कापड उचलायचे, बेडशीट, रुग्णाखाली आडवी घालायची ड्रॉशीट आणि पेशंट गाऊन शिवून घ्यायचे आणि धंतोली, रामदासपेठ परिसरातील खासगी रुग्णालयांना पुरवायचे. काम पाहणारी माणसे दोन, आणि भाड्याचे एक लहान गोदाम.

आधी खर्चाचा मुद्दा. खाते उघडायला पैसे लागत नाहीत हे खरे, पण चौकशीला उत्तर देणारा माणूस मात्र लागतो. इंडियामार्टवर खरेदीदाराने टाकलेली एक मागणी अनेक विक्रेत्यांना दिसते, त्यामुळे पहिल्या तासाभरात फोन करून नेमका भाव सांगणाऱ्याशी बोलणे पुढे सरकते आणि संध्याकाळी सवडीने फोन करणाऱ्याला बहुतेक वेळा "झाले आमचे काम" एवढेच ऐकावे लागते. दोन माणसांपैकी एक शिलाईवाल्याकडे आणि दुसरा माल पोहोचवायला गेलेला असताना सहा ठिकाणचे निरोप पाहणार कोण? म्हणून सुरुवातीला नीट सांभाळता येतील असे दोनच प्लॅटफॉर्म निवडावेत. भावाचा प्रश्न याहून नाजूक आहे. कापडाचा दर वाढला की नवा भाव व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्ये लगेच भरला जातो, पण फेसबुकवरची चार महिन्यांपूर्वीची पोस्ट तशीच राहते. रुग्णालयाचा खरेदी अधिकारी नेमका तिचाच स्क्रीनशॉट पाठवतो, आणि मग एकतर तोट्यात माल द्यावा लागतो किंवा पहिल्याच व्यवहारात शब्द फिरवल्याचा ठपका येतो.

फॉलोअरच्या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे, कारण सगळा गैरसमज तिथेच आहे. किरकोळ विक्रीत ग्राहक कोण असेल हे सांगता येत नाही. या व्यवसायात मात्र माल घेऊ शकणाऱ्या रुग्णालयांची यादी एका वहीत मावते. वीस-तीस खाटांच्या रुग्णालयात निर्णय डॉक्टर स्वतः किंवा त्यांच्या घरचे कोणी घेते. मोठ्या रुग्णालयात खरेदी विभाग असतो, पण तिथेही सिस्टर इन्चार्जचे मत वजनदार ठरते, कारण चादर आखूड पडली तर गादीवरून सुटते आणि तो त्रास तिच्या वॉर्डाला होतो. या मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. साइझ साठ बाय नव्वद इंच पूर्ण भरतो का, धुतल्यावर कापड किती आटते, ब्लीचमध्ये रंग टिकतो का, रुग्णालयाचे नाव छापून मिळेल का, जीएसटीचे पक्के बिल आणि उधारी किती दिवसांची. यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर रोजच्या शुभेच्छा-पोस्टमधून मिळत नाही. उलट एकाच थानातून दोन चादरी शिवून त्यातली एक लॉन्ड्रीत दहा वेळा धुवून आणली, आणि दोन्ही शेजारी ठेवून टेपसह फोटो पाठवला, तर सिस्टर तो फोटो स्वतःच पुढे पाठवते.

इन्स्टाग्राम निरुपयोगी आहे असे मात्र कोणी समजू नये. याच गांधीबागेतून साड्या किंवा कुर्त्यांचा घाऊक व्यापार करायचा असता, तर गावोगावच्या दुकानदारांना नवे डिझाइन दाखवण्यासाठी ते माझ्या मते पहिल्या दोनांत आले असते. दुकानदार डिझाइन बघून माल उचलतो, रुग्णालय मोजमाप आणि टिकाऊपणा बघून उचलते. सरकारी खरेदीची वाट तर सर्वस्वी निराळी आहे. केंद्र सरकारच्या खात्यांना 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम 149 नुसार जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर उपलब्ध असलेला माल तिथूनच घ्यावा लागतो, त्यामुळे अशा खरेदीदारासाठी सल्ल्यातल्या सहाही खात्यांचा काहीच उपयोग नाही.

मोठ्या कंपन्यांचा दाखला इथे लागू पडत नाही. त्यांच्याकडे प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी वेगळी माणसे असतात आणि त्यांचे नाव आधीच झालेले असते.

मग दोन निवडायचे कसे? यादीतील दहा रुग्णालयांत जाऊन "मागची खरेदी कुठून केली आणि तो विक्रेता तुम्हाला कसा सापडला?" एवढेच विचारावे. ज्यांचे रुग्णालय नवे आहे ते बहुधा शोधून खरेदी करतात. जुने आधीच्याच पुरवठादाराला निरोप टाकतात. म्हणून या व्यवसायासाठी नवा ग्राहक सापडायला इंडियामार्ट आणि सापडलेला टिकवायला व्हॉट्सॲप बिझनेस, ही जोडी मला योग्य वाटते. इंडियामार्टवर पसंतीचा भाग म्हणून विदर्भ आणि लगतचे जिल्हे निवडावेत आणि किमान पन्नास नग ही अट प्रत्येक वस्तूखाली लिहावी, नाहीतर दूरच्या राज्यातल्या आणि "घरासाठी दोन चादरी हव्यात" अशा चौकशांतच दिवस जातो. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट जास्तीत जास्त 256 जणांची असते आणि तिचा निरोप आपला नंबर सेव्ह करणाऱ्यालाच पोहोचतो. त्यामुळे नमुना देतानाच समोर बसून नंबर सेव्ह करून घ्यावा. अनोळखी नंबरांवर सरसकट निरोप धाडले, लोकांनी तक्रार केली, तर नंबरच बंद होऊ शकतो.

ही जोडी चालते की नाही हे वहीतून कळते. समजा, इंडियामार्टच्या सशुल्क योजनेचा तीन महिन्यांचा खर्च 9,000 रुपये पडला आणि 40 चौकशा आल्या. त्यांतल्या 28 बाहेरगावच्या किंवा किरकोळ निघाल्या, उरलेल्या 12 पैकी पाच जणांनी नमुना मागवला आणि तीस खाटांच्या दोन रुग्णालयांनी ऑर्डर दिली. एका खाटेला किमान तीन चादरी लागतात, एक खाटेवर, एक धुण्यात, एक कपाटात. म्हणजे प्रत्येकी 90 नग झाले. नगामागे 40 रुपये सुटले तर एका रुग्णालयाकडून 3,600 आणि दोघांकडून 7,200 मिळतात, म्हणजे पहिल्या ऑर्डरीत 1,800 रुपयांची तूटच येते. ती भरून निघते दुसऱ्या ऑर्डरीत, आणि ती ऑर्डर व्हॉट्सॲपवरून येते, जिथे नव्याने काही मोजावे लागत नाही. त्यामुळे वहीत चौकशी, नमुना, पहिली ऑर्डर या रकान्यांपुढे दुसऱ्या ऑर्डरीचा रकाना हवाच. वर्षभरात तो रिकामाच राहिला तर दोष प्लॅटफॉर्मचा असेलच असे नाही. आधी चादर किती आटली ते जाऊन पाहावे.

या दोहोंखेरीज गूगलवर मात्र पत्ता, वेळ, फोन नंबर आणि गोदामाचे फोटो असलेली नोंद करून ठेवावी. ती एकदा नीट भरली की रोज सांभाळावी लागत नाही, आणि खरेदी विभाग पहिली ऑर्डर देण्यापूर्वी दुकान खरोखर आहे का हे तिथे तपासतो. तिसऱ्या प्लॅटफॉर्मचा विचार चौकशीचा फोन घ्यायला वेगळा माणूस ठेवल्यावर करावा. मोठ्या रुग्णालयांचे खरेदी व्यवस्थापक गाठायचे असतील तर त्या वेळी लिंक्डइन, आणि सरकारी पुरवठ्यात उतरायचे असेल तर बिलाची रक्कम यायला लागणारा काळ सोसेल एवढे भांडवल जमल्यावर जेम.