'फक्त एक वजा करा' म्हणे!

> "एक्सेलवाल्यांसाठी सोपी ट्रिक! तारखेवरून तिमाही काढायची? `=ROUNDUP(MONTH(A2)/3,0)` लिहा, झालं. एप्रिल-मार्चची हवी असेल तर उत्तरातून फक्त 1 वजा करा. शून्य आलं तर ते 4 समजा. वर्ष तारखेतलंच घ्या. तारीख कशीही टाइप केलेली असो, चालतं. पिव्होट येत असेल तर Quarters निवडा, फॉर्म्युल्याचीही गरज नाही. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज दोन-तीन ग्रुपवर दिसला तेव्हा मी दुर्लक्ष केलं होतं. मग तो आमच्या वहिनींपर्यंत पोचला. वहिनी त्यांच्या सोसायटीच्या खजिनदार आहेत. लिफ्टवाल्याची, वॉचमन एजन्सीची, टाकी साफ करणाऱ्याची सगळी बिलं एका शीटमध्ये असतात आणि टीडीएसचं तिमाही विवरण भरायला तीच शीट सीएकडे जाते. त्यांचा फोन आला, "भाऊजी, बेरीज बरोबर आहे, तरी सीए म्हणतात तिमाहीचे आकडे जुळत नाहीत. मी तर मेसेजमध्ये होतं तस्संच केलंय." तस्संच केलंय, हीच तर अडचण.

जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य करून टाकतो. पहिला फॉर्म्युला बरोबर आहे. जानेवारी ते मार्च 1, एप्रिल ते जून 2, असं कॅलेंडर वर्षाचं उत्तर तो नीट देतो. 'एक वजा' यालाही थोडा आधार आहे. एप्रिल हा कॅलेंडर वर्षातल्या एका तिमाहीचाही पहिलाच महिना असल्यामुळे दोन्हीकडच्या तिमाह्यांच्या सीमा एकच आहेत, फक्त क्रमांक सरकतात. आर्थिक वर्ष मेपासून सुरू होत असतं तर एवढंही चाललं नसतं.

पण 'शून्य आलं तर ते 4 समजा' म्हणजे काय? समजायचं कोणी? सेलमध्ये तर शून्यच राहतं. पिव्होट केलं की ही शून्य तिमाही सगळ्यांच्या वर जाऊन बसते, म्हणजे वर्षाचे शेवटचे तीन महिने यादीत पहिले. वहिनींनी त्यावर त्यांच्या परीने उपाय केला. Find and Replace उघडून 0 च्या जागी 4 टाकला आणि Replace All दाबलं. आता गंमत बघा. Replace सेलमध्ये दिसणारं उत्तर बदलत नाही, आतला फॉर्म्युला बदलतं. त्यामुळे ROUNDUP च्या कंसातला शेवटचा शून्यही 4 झाला. तो शून्य 'दशांश नको' असं सांगत होता, तिथे 'चार दशांश दे' असं झालं. मे महिन्याची तिमाही 0.6667 आली. वर A10 चा A14 आणि A20 चा A24 झाला, म्हणजे दहाव्या ओळीचं बिल चौदाव्या ओळीची तारीख वाचायला लागलं. ट्रिक लिहिणाऱ्याने एक IF लिहिण्याचा कंटाळा केला नसता तर हे सगळं टळलं असतं.

एवढं होऊनही शून्याची चूक मी त्यातल्या त्यात बरी म्हणतो, कारण ती निदान दिसते. खरं नुकसान 'वर्ष तारखेतलंच घ्या' या तीन शब्दांनी केलं, आणि ते दिसतसुद्धा नाही.

वहिनींचा लिफ्टचा करार बघू. दर तिमाहीला एक बिल. 15 फेब्रुवारी 2024 चं बिल 36,000 रुपयांचं. एप्रिलपासून दर वाढला, म्हणून 20 मे, 22 ऑगस्ट, 18 नोव्हेंबर 2024 आणि 10 फेब्रुवारी 2025 ही चारही बिलं 40,000 ची. 2024-25 या आर्थिक वर्षाचा लिफ्टचा खर्च 1,60,000 रुपये, यात वादाला जागा नाही.

मेसेजच्या पद्धतीने काय होतं? मे, ऑगस्ट, नोव्हेंबरची बिलं 2024 च्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या तिमाहीत जातात, ते ठीक. चौथ्या तिमाहीत, शून्याचा 4 नीट केला तरी, येतं 15 फेब्रुवारी 2024 चं बिल, कारण त्याच्या तारखेत 2024 आहे. 10 फेब्रुवारी 2025 चं बिल '2025 ची चौथी तिमाही' होऊन बसतं, जी खरं तर मार्च 2026 मध्ये संपते. वर्षाची बेरीज येते 1,56,000. चार तिमाह्या, प्रत्येकीत एक बिल, रकमा जवळपास सारख्या. कोणाला शंका येणार? नोव्हेंबरच्या खाली त्याच वर्षाचा फेब्रुवारी बसलाय, हे तारखा वाचल्याशिवाय कळत नाही, आणि पिव्होटमध्ये तारखा दिसतच नाहीत.

हे माझं मत आहे, असं कोणाला वाटत असेल तर 2024-25 ला लागू असलेल्या आयकर नियम 1962 मधला नियम 31ए उघडून बघावा. विवरण कधी भरायचं याचा तक्ता तिथे आहे आणि त्यात तिमाही ओळखायची ती ती कधी संपते यावरून: 30 जून, 30 सप्टेंबर, 31 डिसेंबर आणि 31 मार्च, याच क्रमाने. 10 फेब्रुवारी 2025 ला कापलेला टीडीएस 31 मार्च 2025 ला संपणाऱ्या तिमाहीचा, म्हणजे 2024-25 च्या चौथ्या तिमाहीचा. त्याच्या विवरणाची मुदत 31 मे 2025 होती. तारखेत 2025 लिहिलंय म्हणून ते बिल एक वर्ष पुढे ढकलायची सोय त्या तक्त्यात नाही. (जाता जाता: टीडीएससाठी बिलाची तारीख धरायचीच असं नाही. खात्यात जमा किंवा प्रत्यक्ष पैसे देणं, यातलं जे आधी होईल ती तारीख. कॉलम निवडतानाच हे बघावं.)

मग करायचं काय? तारीखच तीन महिने मागे न्यायची आणि मग तिला तिमाही आणि वर्ष दोन्ही विचारायचं. एप्रिल मागे जाऊन जानेवारी होतो, मार्च 2025 मागे जाऊन डिसेंबर 2024 होतो. शून्य येत नाही आणि वर्ष आपोआप बरोबर येतं.

```
=ROUNDUP(MONTH(EDATE(A2,-3))/3,0)
=YEAR(EDATE(A2,-3))
```

पहिली ओळ आर्थिक तिमाही देते, दुसरी आर्थिक वर्ष ज्या साली सुरू झालं ते साल. 10 फेब्रुवारी 2025 तीन महिने मागे गेली की 10 नोव्हेंबर 2024 होते: तिमाही 4, साल 2024. दोन्ही जोडून एकच लेबल हवं असेल तर असं:

```
=IF(A2="","",YEAR(EDATE(A2,-3))&"-"
&TEXT(MOD(YEAR(EDATE(A2,-3))+1,100),"00")
&" Q"&ROUNDUP(MONTH(EDATE(A2,-3))/3,0))
```

उत्तर येतं `2024-25 Q4`. वर्ष पुढे असल्यामुळे ही लेबलं अ ते ज्ञ लावली तरी काळाच्याच क्रमाने लागतात. सुरुवातीचा IF रिकाम्या सेलसाठी आहे. रिकाम्या सेलला MONTH विचारलं तर एक्सेल 1 म्हणतं, म्हणून मेसेजमधला फॉर्म्युला खाली ओढला की रिकाम्या ओळींनाही बिनदिक्कत तिमाही मिळते.

त्याच मेसेजखाली कोणीतरी हुशारी करून 'सरळ 90 दिवस वजा करा' असं लिहिलेलं वहिनींनी दाखवलं. एप्रिल, मे, जून मिळून 91 दिवस होतात हो! 30 जूनमधून 90 दिवस काढले की 1 एप्रिल येतो आणि पहिल्या तिमाहीचा शेवटचा दिवस दुसरीत जातो. लीप वर्षात 31 मार्चही घसरतो: 31 मार्च 2024 मधून 90 गेले की 1 जानेवारी 2024, म्हणजे वर्षाचा शेवटचा दिवस थेट नव्या वर्षात. आणि नोंदींची गर्दी नेमकी याच दिवशी असते. EDATE महिने मोजतं, दिवस नाही, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही.

आता 'तारीख कशीही टाइप केलेली असो'. नाही, चालत नाही. वहिनींच्या लॅपटॉपवर विंडोजची सेटिंग अमेरिकन होती, महिना आधी आणि दिवस नंतर. वॉचमन एजन्सीच्या यादीतली 03-04-2025 म्हणजे 3 एप्रिल. एक्सेलने ती 4 मार्च म्हणून वाचली आणि नव्या वर्षाचं बिल जुन्या वर्षाच्या चौथ्या तिमाहीत गेलं. 13-04-2025 मध्ये तेरावा महिना असू शकत नाही, म्हणून ती तारीख नुसता मजकूर राहिली आणि फॉर्म्युल्याने `#VALUE!` दिलं. लोक `#VALUE!` वाल्या ओळी दुरुस्त करतात आणि सुटलो म्हणतात. उलटलेल्या तारखा तशाच राहतात, कारण त्या दिसायला धडधाकट असतात.

ओळखायची खूण सोपी आहे. कॉलमला स्वतःहून कुठलंही अलाइनमेंट देऊ नका. खऱ्या तारखा उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. डावीकडच्या सगळ्या 13 तारखेपासून पुढच्या आणि उजवीकडच्या सगळ्या 1 ते 12 मधल्या असतील, तर उजवीकडच्याही उलटलेल्या आहेत असं धरून चाला. मोजून बघायचं असेल तर:

```
=COUNT(A2:A500)
=COUNTA(A2:A500)
```

पहिला आकडा खऱ्या तारखांचा, दुसरा भरलेल्या सेलचा. दोन्ही वेगळे आले तर तिमाही लावायला घेऊच नका. आणि दुरुस्ती मूळ फाइलवरच करावी लागते. तारखा मजकूर असतानाच Data मधल्या Text to Columns मध्ये Date निवडून DMY द्यायचं. एकदा 3 एप्रिलचा 4 मार्च झाला की एक्सेलच्या लेखी तो मार्चच असतो, नंतर DMY देऊन काही होत नाही.

राहिलं पिव्होट. Group मधलं Quarters फक्त कॅलेंडर वर्ष ओळखतं. जानेवारी ते मार्च म्हणजे Qtr1, आणि वर्ष एप्रिलपासून धर असं सांगायला त्या खिडकीत जागाच नाही. शिवाय एकटं Quarters निवडून Years सोडलं तर 2024 आणि 2025 चे जानेवारी-मार्च एकाच ओळीत जमा होतात. कॅलेंडर वर्षाने हिशेब मागणारी परदेशी मूळ कंपनी असेल तर Years आणि Quarters दोन्ही निवडा, काम होईल. सोसायटीला ते उपयोगाचं नाही. वर दिलेल्या लेबलचा कॉलम शीटमध्येच करायचा आणि पिव्होटच्या Rows मध्ये तो ओढायचा.

वहिनींनी मूळ फाइल पुन्हा उघडून तसंच केलं. लिफ्टचे 1,60,000 आले, 36,000 चं बिल 2023-24 मध्ये परत गेलं. मेसेज पाठवणाऱ्याला त्यांनी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.