दिवाळीची पोस्त : महिने मोजण्यावरच्या आक्षेपाला उत्तर

«वर्षातून एकदा पोस्त द्यायची आणि तीही महिने मोजून? रात्रीचा वॉचमन जूनमध्ये आला, यात त्याचा काय दोष? दिवसाच्या माणसाच्या हातात जाड पाकीट आणि याच्या हातात पातळ, हे बघवतं का तुम्हाला? सगळ्यांना सारखं द्या आणि मोकळे व्हा. सणाला असला हिशेबीपणा शोभत नाही.»

ताई, तुम्ही जूनमध्ये आलेल्याचा विचार केलात, पण त्याच्या आधी तिथे कोण होतं? नोव्हेंबर ते मे, थंडीच्या रात्री धरून सात महिने, दुसराच माणूस त्या खुर्चीत बसला होता. एजन्सीने त्याला पलीकडच्या इमारतीत हलवलं. «सगळ्यांना सारखं» म्हणताना आपल्या मनात दिवाळीच्या दिवशी समोर दिसणारी माणसंच असतात. म्हणजे पोस्त कुणाला मिळणार हे एजन्सीचं ड्युटीचं वेळापत्रक ठरवतं. मला ते नको आहे, म्हणून मी महिने मोजते.

आमच्या घरची मर्यादा ५,००० रुपये. त्यातले ५०० आधीच बाजूला काढते, ते कशासाठी ते पुढे सांगते. मग माणसाचा नाही, कामाचा पूर्ण वर्षाचा दर ठरवते: वॉचमनच्या प्रत्येक पाळीला १,२००, झाडूवालीच्या कामाला १,२००, पेपरवाल्याला आणि दूधवाल्याला ६०० प्रत्येकी. रात्रपाळीचे १,२०० दोघांत वाटले जातात, सात महिन्यांचे ७०० आणि पाच महिन्यांचे ५००. वर्षभरात त्या जागी चार माणसं बदलली तरी घरातून जाणारी रक्कम तेवढीच राहते. सारखं वाटायचं म्हटलं, तर प्रत्येक बदलीबरोबर खर्च वाढतो किंवा कुणीतरी गाळला जातो, आणि गाळला जातो तो नेहमी गेलेला माणूस.

झाडूवाली मावशी दोन महिने आजारी होत्या, त्यांच्या जागी त्यांची जाऊ यायची. मावशींचे महिने मी कापत नाही. कामाला लागल्यापासूनचे महिने मोजायचे, हजेरी नाही. मी हजेरी मोजायला लागले, तर तुमचा हिशेबीपणाचा आरोप मला मान्य करावाच लागेल. जावेला तिच्या दोन महिन्यांचे २०० वेगळे.

बेरीज झाली ५,०००, हातात ४,५००. म्हणून प्रत्येक रकमेचे नव्वद टक्के केले आणि जवळच्या पन्नासावर आणलं. दिवसाचा वॉचमन १,१००, मावशी १,१००, रात्रीचा आधीचा ६५०, आताचा ४५०, जाऊ २००, पेपर आणि दूध ५५० प्रत्येकी. हे ४,६०० होतात. वरचे शंभर त्या बाजूच्या ५०० मधून घेतले, उरले ४००. कमी पडलं तर सगळ्यांचं सारख्या प्रमाणात कमी करायचं. शेवटी ज्याचं पाकीट भरायचं राहिलं त्याच्यावर काटछाट ढकलायची नाही.

हे ४०० ॲपवरून सामान आणणाऱ्या मुलांसाठी. तिथे महिने लागू होतच नाहीत, दर खेपेला नवा चेहरा असतो. दिवाळीच्या चार दिवसांत जो दारात येईल त्याला पन्नास, पैसे संपेपर्यंत.

पातळ पाकिटाचा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे, म्हणून दोन गोष्टी करते. कुणी ऑक्टोबरमध्येच आला असला, तरी त्याला तीन महिन्यांचं धरते. आणि फराळाचा डबा सगळ्यांना अगदी सारखा. पाकीट देताना «जूनपासूनचे आहेत हं» एवढं सरळ सांगते. रकमेतला फरक गेटवर लपत नाही, आणि कारण माहीत नसलं की माणूस त्याचा अर्थ आपल्यावरचा राग असा लावतो.

महिने कसे कळणार, असंही कुणी विचारेल. गेटवरच्या हजेरीवहीत पहिली सही सापडते. नाही सापडली तर त्यालाच विचारायचं, आणि सांगेल ते मानायचं. एक-दोन महिन्यांच्या फरकाने शंभर-दोनशे इकडेतिकडे होतील, त्यासाठी चौकशी मांडू नये. वर्ष मात्र नोव्हेंबर ते ऑक्टोबर असं पक्कं धरा. दिवाळी ते दिवाळी धरलं, तर अधिक मासाच्या वर्षी महिने वाढतात आणि मोजणी चुकते.

सोसायटी वर्गणी काढून वॉचमनला देत असेल, तर तुमच्या वाट्याचे पैसे आधी त्याच्या रकमेतून वजा करा. आणि पाकिटं वसुबारसेच्या आठवडाभर आधी द्या. बरेच वॉचमन छठसाठी गावी जातात, त्यातले काही दिवाळीच्या आधीच निघतात. पलीकडच्या इमारतीतल्याचे ६५० सुपरवायझरकडे देऊ नका. त्याचा नंबर जुन्या वॉचमनांपैकी कुणाकडे तरी असतोच, थेट त्याच्या फोनवर पाठवा.