रात्री दहाचा कावळा

रात्री दहाला दिवा मालवला की अंधार होतो, अशी माझी समजूत होती. आमच्या पाच वर्षांच्या कन्येच्या मते तेव्हा खोलीत माणसं येतात. एक दारामागच्या खुंटीवर उभा राहतो (माझा रेनकोट), दुसरा कपाटावर दबा धरून बसतो (गादीची गुंडाळी). ऑगस्टात रेनकोट आत ठेवायचा तरी कुठे? वन-बीएचकेत भुतालासुद्धा नीट जागा मिळत नाही.

भीती घालवायला मी हुशार कावळ्याची गोष्ट काढली. तहानलेला काऊ, तळाशी पाणी, खडे.

"मग पाणी वर आलं."

"का?"

दहा वीसला आम्ही स्वयंपाकघरात होतो, ट्यूबलाइट लखलखीत लावून. बाईसाहेबांचा डाव हाच होता, हे मला उशिरा कळलं. काचेच्या ग्लासात पाव ग्लास पाणी घेतलं आणि तुळशीच्या कुंडीतले खडे धुऊन एकेक सोडले. ग्लास खड्यांनी काठोकाठ भरला. पाणी जरासं चढलं आणि खड्यांच्या फटींत कुठेतरी मध्येच बसून राहिलं.

"बाबा, काऊ मेला."

चाळीस वर्षं मी ही गोष्ट खरी धरून चाललो होतो. खडे कितीही भरले तरी त्यांच्यामध्ये साधारण दोन पंचमांश जागा रिकामी राहते. पाणी त्याहून कमी असेल तर ते त्या फटींतच मुरतं, काठापर्यंत येतच नाही. मग अर्धा ग्लास पाणी घेतलं. खडे वरपर्यंत जायच्या आधीच पाणी काठाला लागलं. म्हणजे काऊची खरी हुशारी मडकं निवडण्यात होती.

पुन्हा अंथरूण. पुन्हा अंधार.

"काऊ घाबरतो अंधाराला?"

खरं सांगितलं, घाबरतो. रात्री त्याला धड दिसत नाही. म्हणून संध्याकाळी सगळे कावळे एका झाडावर जमतात, जागेवरून भांडतात आणि मग गर्दी करून झोपतात. अगदी आपल्या लोकलसारखे. रात्री घुबड येतं, हे ओठांवर आलेलं गिळलं. पंचतंत्राचं अख्खं तिसरं तंत्र कावळे-घुबडांच्या वैरावर आहे, पण ती वेळ विद्वत्तेची नव्हती.

"मग तो डोळे मिटतो आणि नुसतं ऐकतो. आवाज ओळखला की एक डोळा जास्त घट्ट मिटायचा."

घर्रर्र. "पंप! टाकीत पाणी चढतंय."

"कृपया दरवाजा बंद करें." लिफ्टमधली बाई. "तिसऱ्या मजल्यावरचे काका! ते कध्धीच दार लावत नाहीत."

टक, टक. "वॉचमनमामांची काठी."

मग बराच वेळ काही नाही.

"बाबा, हा कसला?"

"माझ्या पोटाचा."

"हं," म्हणाली आणि झोपली.

सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत कावळा पोळीच्या तुकड्यासाठी ओरडत होता. ब्रश तोंडात धरून कन्या त्याला सांगत होती, "अर्धा ग्लास असेल तरच खडे टाक हां."