लॉगबुक भरण्याचा शुभमुहूर्त: ३१ मार्च, रात्री साडेदहा

कंपनीच्या कामासाठी फिरवलेल्या गाडीच्या किलोमीटरची नोंद रोजच्या रोज ठेवणारी माणसं अंमळ भित्रीच म्हणायची. तुम्ही तसे नाही. तुम्ही अ‍ॅप उतरवून घेतलंत, पहिल्या दिवशी गाडीचा नंबर भरलात, झकास हिरवा टिकमार्क पाहिलात, आणि मग ते अ‍ॅप वर्षभर फोनच्या तिसऱ्या पानावर सुखाने नांदलं. आता मार्च संपतोय, अकाउंट्सवाल्या मॅडमचा तिसरा मेल आलाय. काही काळजी करू नका. बारा महिन्यांची नोंद एका बैठकीत कशी उरकायची, ते सांगतो.

आधी नियम समजून घ्या. गाडी तुमच्या नावावर, पेट्रोलचे पैसे कंपनी देते, आणि गाडी घरच्या कामालाही फिरते, अशा वेळी प्राप्तिकराच्या नियमांना हवी असते ती कंपनीच्या कामाच्या प्रवासाची तपशीलवार नोंद. तारीख, कुठे गेलात, किती किलोमीटर, किती खर्च. शिवाय हा खर्च निव्वळ कामासाठीच झाला, असा कंपनीचा दाखला. एवढं असलं तर तो पैसा करातून सुटतो. नसलं तर एक ठरीव रक्कम वजा होते आणि उरलेला तुमच्या पगारात धरून त्यावर कर कापला जातो. किरकोळ गोष्ट आहे. तुमचं मन मोठं आहे.

अ‍ॅपला लोकेशनची परवानगी देताना `Allow only while using the app` हाच पर्याय निवडा. म्हणजे स्क्रीन बंद केली की अ‍ॅपही बहुधा झोपतं. `Allow all the time` हा पर्याय संशयी लोकांसाठी आहे. बॅटरीच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपला `Unrestricted` अजिबात करू नका. बॅटरी वाचवणारा फोन दर सेकंदाला जागा टिपत बसत नाही. मध्येच एखादा ठिपका घेतो, थोड्या वेळाने दुसरा, आणि अ‍ॅप त्या दोन ठिपक्यांमध्ये सरळ रेघ ओढून मोकळं होतं. खंबाटकीची वळणं अशी रेघेने कापली की पुणे-सातारा रस्ता चांगलाच आखूड होतो. त्यात आपोआप प्रवास ओळखणारी अ‍ॅपं गाडीने जरा वेग घेतल्यावरच जागी होतात, म्हणून सोसायटीच्या बेसमेंटपासून सिग्नलपर्यंतचा रस्ता बऱ्याचदा हिशोबात येतच नाही. उलट एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही दोन तास बसलात, तर जीपीएसचा सिग्नल भरकटतो आणि तुम्ही जागेवरच दोन-तीन किलोमीटर चालवता. एकूण हिशोब बरोबर येईल असं समजू नका. चुका एकमेकींना खोडतातच असं नाही.

यावर काही मंडळी एक भयंकर उपाय करतात. सकाळी निघताना आणि रात्री परतल्यावर ओडोमीटरचा फोटो काढतात, आणि अ‍ॅपच्या आकड्याशेजारी मीटरचा आकडा लिहून ठेवतात. दोन्हींत थोडा फरक पडतोच, टायरची झीज आणि मीटरची स्वतःची चूक त्यात असते. पण रोज त्याच दिशेने, साधारण तेवढाच फरक पडत राहिला की बघणाऱ्याला कळतं, की दोन्ही आकडे खरोखर रस्त्यावरून आलेत. असला पुरावा तुम्ही कशाला तयार करता?

तुम्ही नोंद अशी लिहा: ‘१४ नोव्हेंबर, सातारा, मीटिंग, २५० किमी.’ भित्रा माणूस लिहितो: ‘१४ नोव्हेंबर, कोथरूड ते सातारा एमआयडीसी आणि परत, मीटर ५०,९३६ ते ५१,१६७, म्हणजे २३१ किमी. कॉम्प्रेसरच्या कोटेशनसाठी खरेदी अधिकाऱ्यांची भेट. पेट्रोल आणि टोलच्या पावत्या जोडल्या आहेत.’ केवढं टंकलेखन! तुमची नोंद सुटसुटीत आहे, शिवाय आकडा गोल आहे. वर्षभरातले सगळेच आकडे शून्यावर किंवा पाचावर संपले, तर ते लॉगबुक एखाद्या शिस्तप्रिय माणसाचं वाटतं. तपासणाऱ्यालाही वाटतं. म्हणूनच तो पुढची पानं जरा निवांत चाळतो.

रविवारी काय करायचं? अ‍ॅप विचारतं, प्रवास कामाचा की खाजगी. बोट एकाच बाजूला सरकवायची सवय लावून घ्या. लोणावळ्याला चिक्की आणायला गेलात, ती व्हेंडर व्हिजिट. मेहुण्याला स्टेशनवर सोडलंत, ते लॉजिस्टिक्स. खाजगी किलोमीटर वर्षभरात शून्य दाखवणारी कौटुंबिक मोटार ही आपल्याकडची एक दुर्मिळ जात आहे, आणि ती तुमच्या पार्किंगमध्ये उभी आहे याचा अभिमान बाळगा.

आता फास्टॅग. ३१ मार्चच्या रात्री स्मरणाने नोंदी भरताना फास्टॅगचं स्टेटमेंट उघडण्याचा मोह टाळा. त्यात टोलनाक्याचं नाव, तारीख आणि वेळ मिनिटासकट असते. समजा, ज्या दिवशी लॉगबुकात तुम्ही सोलापूरला होतात, त्या दिवशी सकाळी तुमच्या गाडीने खेड शिवापूरला पैसे भरले आणि थोड्या वेळाने आणेवाडीला. दोन्ही नाके साताऱ्याच्या रस्त्यावर. सोलापूरला जाणारा माणूस पाटसला दिसायला हवा. तपासणाऱ्याला फार हुशार असावं लागत नाही, त्याला फक्त दोन कागद शेजारीशेजारी ठेवावे लागतात.

तिसरा कागद तर तुमच्या डॅशबोर्डच्या खणातच पडलेला असतो: सर्व्हिसिंगचं जॉब कार्ड. गाडी आत घेताना वर्कशॉपवाला मीटरचा आकडा लिहितो, आणि त्याचं तुमच्याशी काही देणंघेणं नसतं, म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. एप्रिलच्या सुरुवातीच्या कार्डावर ४१,२६०, डिसेंबरच्या कार्डावर ५२,४८०. मधल्या काळात गाडी धावली ११,२२० किलोमीटर. तुमच्या लॉगबुकात त्याच काळातला फक्त कंपनीच्या कामाचा प्रवास १३,९००. गाडी जेवढी एकूण धावली, त्याहून २,६८० किलोमीटर जास्त तुम्ही कंपनीसाठी राबलात! एवढी निष्ठा पाहून एचआरवाल्यांनाही गहिवरून येईल. पेट्रोलची बिलं कुणी जोडून पाहिली, तर तेवढ्या लिटरमध्ये तुमची जुनी हॅचबॅक मोटरसायकलचं अ‍ॅव्हरेज देताना दिसेल. त्याचा वेगळा बोनस मागा.

आणि हो, दर महिन्याच्या शेवटी अहवालाची पीडीएफ काढून अकाउंट्सला मेल करण्याचा उद्योग करू नका. मेलवर तारीख पडते, आणि मग एप्रिलची नोंद एप्रिलमध्येच झाली होती हे सिद्ध होऊन बसतं. त्यापेक्षा सगळा डेटा फोनमध्येच ठेवा, बॅकअप बंद ठेवा, आणि दिवाळीच्या सेलमध्ये नवा फोन घ्या. काही अ‍ॅपं प्रत्येक नोंद कधी केली आणि कधी बदलली, हेही आत टिपून ठेवतात. तशा अ‍ॅपच्या अहवालात नोव्हेंबरच्या सातारा दौऱ्यापुढे ‘नोंद केली: ३१ मार्च, रात्री १०:४७’ असं छापून आलं, तर तो प्रिंटरचा दोष आहे असं सांगा.

मीटरच्या फोटोंची मागणी झाली तर सहकाऱ्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. कॅमेऱ्याने काढलेल्या मूळ फोटोचं नाव `IMG_20251114_072312.jpg` अशा धर्तीचं असतं, तारीख आणि वेळ नावातच, शिवाय फाइलच्या पोटातही. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आला की पोटातली माहिती गळून पडते आणि नावही बदलतं. म्हणजे तुमच्या नोव्हेंबरच्या मीटरचा फोटो मॅडमच्या संगणकावर `IMG-20260331-WA0007.jpg` या नावाने उघडेल. त्यांनी चष्मा पुसून फाइलचं नाव पुन्हा वाचलं, तर तुम्ही हळूच विषय काढा: मॅडम, चहा घेणार का?