आधी विचारा, त्या फेरीत करायचं काय आहे

"मुलाखत कुठल्याही पदाची असो, फ्रेशर असो की मॅनेजर, पहिला प्रश्न 'स्वतःबद्दल सांगा' हाच असतो. ही पन्नास उत्तरं पाठ करा, बाकी चौकश्यांत वेळ घालवू नका."

हा फॉरवर्ड माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिच्या हातातल्या तिन्ही संध्याकाळी त्यानं खाल्ल्या.

सगळ्यात घातक आहे तो चौकश्या न करण्याचा सल्ला. जागा डेटा अ‍ॅनालिस्टची होती. कॉल सुरू होताच तिला स्क्रीन शेअर करून क्वेरी लिहायला सांगितलं: सगळे ग्राहक आणि त्यांच्या 2024 मधल्या ऑर्डर दाखवा, ऑर्डर नसलेले ग्राहकही दिसले पाहिजेत. तिनं लिहिलं:

```sql
SELECT c.name, o.id
FROM customers c
LEFT JOIN orders o ON o.customer_id = c.id
WHERE o.order_year = 2024;
```

ऑर्डर नसलेले ग्राहक गायब झाले. त्यांच्या ओळीत `order_year` ला `NULL` येतं आणि `WHERE` ती ओळ गाळून टाकतो. ती अट `ON` मध्येच `AND` लावून जोडायला हवी होती. लेफ्ट जॉइनची व्याख्या तिला तोंडपाठ होती, पण क्वेरी हातानं लिहून, चालवून पाहिलीच नव्हती.

म्हणून कुणी नुसतंच "तयारी कशी करू?" विचारलं, की मी आधी फेरीचं स्वरूप विचारतो. पद जाहिरातीत असतं, अनुभव बायोडेटात असतो. ते कधीही बघता येतं. फेरीत काय करायला लावणार हे बोलावणाऱ्यालाच ठाऊक असतं आणि त्याचं उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून तो ईमेल पहिल्याच दिवशी जायला हवा: किती वेळ, समोर कोण, काही लिहून किंवा सोडवून दाखवायचंय का?

'स्वतःबद्दल सांगा' बऱ्याचदा विचारतात, हे मान्य. एचआरच्या पहिल्या फोनवर तर हमखास. दीड मिनिटाचं उत्तर तयार ठेवावंच. पण बाकीच्या एकोणपन्नास उत्तरांचं काय? सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये 'जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी'त जुन्या अभ्यासांचे आकडे पुन्हा तपासले. पुढच्या कामगिरीशी ठरीव चौकटीतल्या मुलाखतीचा सहसंबंध 0.42 निघाला, मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा 0.19. दोन्हींना मुलाखतच म्हणतात, पण ही दोन वेगळी मापं आहेत. चौकटीतल्या मुलाखतीत प्रश्न त्या कामावरून काढतात आणि गुण आधी ठरलेल्या निकषांवर देतात. तिथे कुठल्याही पदाला चालणारं उत्तर कशालाच पुरत नाही.

फ्रेशर आणि मॅनेजर यांचं उत्तर एकच, हे तर साफ चूक. टीममधल्या वादाबद्दल विचारलं तर फ्रेशरनं स्वतः काय केलं ते सांगायचं, मॅनेजरनं निर्णय काय घेतला आणि त्याची किंमत कुणी मोजली ते.

दुसऱ्या कंपनीच्या फेरीआधी भाचीनं ईमेल करून विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: पाऊण तास, समोर दोघं, एक्सेलची फाइल आधी पाठवू, तिच्यावरच चर्चा. आज संध्याकाळी आम्ही ती फाइल उघडून बसणार आहोत.