जवळच्या स्टॉपने वाढवलेले २२ किलोमीटर

"डिलिव्हरीचा रूट काढायला सॉफ्टवेअर लागत नाही. जिथे आहात तिथून सगळ्यात जवळचा स्टॉप गाठा, मग तिथून जवळचा. नकाशावर पट्टी लावून अंतर मोजलं तरी पुरतं. फारच वाटलं तर डायक्स्ट्रा लावा, तो सगळ्यात कमी अंतराचा रूट देतोच."

आमच्या भागातल्या टेम्पोवाल्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. यातल्या तीनही गोष्टी डिझेल खातात, म्हणून एकेक घेतो.

पहिली गोष्ट जवळच्या स्टॉपची. बेळगावहून माल भरून संकेश्वर, निपाणी, चिकोडी आणि गोकाक करून परत यायचं आहे असं धरा. हिशेब सोपा राहावा म्हणून मी किलोमीटरचे आकडे ढोबळ धरले आहेत. तुमच्या गाडीच्या मीटरवर थोडे वेगळे येतील. बेळगाव–संकेश्वर ५०, बेळगाव–निपाणी ७६, बेळगाव–चिकोडी ७५, बेळगाव–गोकाक ६५. संकेश्वरपासून निपाणी २८, चिकोडी २६, गोकाक ४८. निपाणी–चिकोडी २४, चिकोडी–गोकाक ५०, आणि निपाणी–गोकाक चिकोडीवरूनच ७४.

संकेश्वरला पोचलात की जवळची चिकोडी, कारण २६ हे २८ पेक्षा कमी. चिकोडीहून निपाणी २४. आता उरलं गोकाक, आणि तिथे जायला तुम्ही पुन्हा चिकोडीतूनच जाणार. एकूण ५० + २६ + २४ + ७४ + ६५ = २३९. संकेश्वरला ते दोन किलोमीटर जास्त सोसून आधी निपाणीला गेला असता, तर ५० + २८ + २४ + ५० + ६५ = २१७. फरक २२ किलोमीटरचा, एका फेरीत.

ही चूक कागदावर पकडता येते. रूटमधले दोन तुकडे उचला, त्यांच्या मधला भाग उलटा करा आणि बेरीज कमी होते का बघा. इथे संकेश्वर–चिकोडी आणि निपाणी–गोकाक हे तुकडे मिळून १००. त्यांच्या जागी संकेश्वर–निपाणी आणि चिकोडी–गोकाक घातले तर ७८. याला टू-ऑप्ट म्हणतात. 'जवळचा आधी' हा क्रम सुरुवातीला घ्यायला वाईट नाही, मीही तसाच घेतो. पण हा फेरफार केल्याशिवाय गाडी सोडू नये.

दुसरी गोष्ट पट्टीची. आपल्याकडे मधे घटप्रभा, हिरण्यकेशी, दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा आहेत. पलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, पण पूल जिथे असेल तिथूनच जायचं. पावसाळ्यात तर चिकोडी तालुक्यातले कल्लोळ–येडूरसारखे खालच्या पातळीचे पूल पाण्याखाली जातात, आणि पट्टीवरचं अंतर मात्र तसंच राहतं. म्हणून आधी रस्त्यांचा ग्राफ हवा: चौक आणि गावं हे नोड, रस्ते या कडा. पूल बुडाला की ती कड काढून टाकायची आणि अंतरांचा तक्ता नव्याने काढायचा.

तक्ता बिघडलेला आहे का, हे ओळखायला एक खूण आहे. निपाणी–गोकाकला तुम्ही ८६ लिहिलं असेल आणि चिकोडीमार्गे बेरीज ७४ येत असेल, तर त्या चौकटीत कमीत कमी अंतर नाहीच. हे प्रत्येक जोडीला तपासा. एकच चौकट चुकली तरी पुढचा सगळा क्रम चुकू शकतो.

आता डायक्स्ट्रा. १९५९ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत एका ठिकाणाहून इतर ठिकाणांपर्यंतचा कमीत कमी अंतराचा रस्ता काढते. तक्त्याची एकेक ओळ भरायला ती अगदी योग्य आहे. पण कुठल्या स्टॉपला आधी जायचं, हा प्रश्न ती सोडवतच नाही. चिकोडी आधी की निपाणी, हे तिला विचारताच येत नाही. तो वेगळा प्रश्न आहे, फेरीविक्रेत्याचा.

आपल्या चार स्टॉपांना, जाता-येता अंतर सारखं धरलं तर, फक्त १२ फेऱ्या निघतात; सगळ्या मोजून बघा, २१७ च सर्वांत कमी. नऊ स्टॉप झाले की १,८१,४४० होतात, तेही संगणक सहज मोजतो. १४ स्टॉपांना मात्र सुमारे ४,३५९ कोटी. तिथे सगळ्या फेऱ्या मोजत बसण्यात अर्थ नाही. १९६२ ची हेल्ड–कार्प पद्धत हेच उत्तर काही लाख पायऱ्यांत अचूक देते. त्याहून बरेच जास्त स्टॉप असतील तर टू-ऑप्ट घ्या. उत्तर सर्वोत्तम असेलच असं नाही, पण बहुधा जवळपास येतं.

बेळगाव शहरातल्या वाटपाला हे लावताना एक काळजी घ्या. एकेरी रस्त्यांमुळे जातानाचं आणि येतानाचं अंतर सारखं नसतं, म्हणून तक्त्यात दोन्ही दिशा वेगळ्या भरा. टू-ऑप्टमध्ये मधला भाग उलटा केलात की त्याच्या आतल्या प्रत्येक तुकड्याची दिशा बदलते. तेव्हा फक्त दोन तुकड्यांची वजाबाकी पुरत नाही, पूर्ण फेरी पुन्हा मोजावी लागते.