फोटो तिरपा होता, पण ‘केंद्र सरकार ५५ टक्के’ चुकीचंच आहे

प्रतिक्रिया: “तुम्ही व्हॉट्सॲपवर आलेल्या तिरप्या फोटोवर कोनमापक ठेवून ‘शेतकऱ्याचा वाटा लहान दाखवला’ असं ठोकून दिलंत. मी बारा वर्षं ठिबकचे प्रस्ताव भरतोय. ५५, २५ आणि २० हे आकडे शासन निर्णयातलेच आहेत, बेरीज बरोबर १०० येते. यात दिशाभूल कुठे आहे? पत्रक छापणाऱ्यांवर असे आरोप करण्याआधी नीट मोजायला हवं होतं.”

उत्तर:

नमस्कार. ठिबक सिंचनाच्या खर्चात केंद्र, राज्य आणि शेतकरी यांचा वाटा किती, हे वृत्तालेखात दाखवणाऱ्या एका पत्रकाचा तो फोटो होता, आणि त्यावर मी लेख लिहिला होता. तुमची प्रतिक्रिया वाचून मी तोच फोटो पुन्हा मोजला. तुमच्या म्हणण्यातला पहिला भाग पूर्ण बरोबर निघाला. शेतकऱ्याचा वाटा लहान दाखवलाय हे माझं विधान चूक होतं आणि मूळ लेखातून ते काढलं आहे. चूक कशी झाली ते सविस्तर सांगतो, कारण पत्रकाचा कागद हातात नसताना फक्त फोटोवरून वृत्तालेख तपासणाऱ्या कुणाचीही ती होऊ शकते.

शेतकऱ्याची २० टक्क्यांची हिरवी फाक वर्तुळाच्या उजव्या बाजूला आहे. मी फोटोवर कोन मोजला तो ५७ अंश आला. ३६० पैकी ५७ म्हणजे जवळजवळ १६ टक्के. वर छापलेत २०, म्हणून मी निष्कर्ष काढला की चित्र लबाड आहे. पण त्या फोटोत वर्तुळ हे वर्तुळच नाही. ते आडवं ६०० पिक्सेल आणि उभं ४५० पिक्सेल आहे, म्हणजे लंबवर्तुळ. तेव्हा प्रश्न असा की ते छापतानाच चपटं, हल्लीच्या त्या जाड थाळीसारख्या चित्रांत असतं तसं काढलं होतं, की फोटो काढणाऱ्याने मोबाइल कलता धरला होता?

याचं उत्तर त्याच पानावर होतं आणि पहिल्यांदा मी तिकडे पाहिलंच नाही. पत्रकाच्या कोपऱ्यात क्यूआर कोड आहे. क्यूआर कोड नेहमी चौरस छापतात. फोटोत तो २०० पिक्सेल रुंद आणि १५० उंच दिसतो, म्हणजे उंची रुंदीच्या पाऊणपट. वृत्तालेखाचंही प्रमाण ४५० भागिले ६००, पाऊणच. दोन्ही गोष्टी सारख्याच दबल्या आहेत, म्हणजे कागदावर वर्तुळ गोलच होतं आणि फोटो तिरपा होता. क्यूआर चौरस दिसला असता आणि वर्तुळ तेवढं चपटं दिसलं असतं, तर दोष छपाईचा धरता आला असता. ज्यांच्या पत्रकावर क्यूआर नसेल त्यांनी फोटो काढताना शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवावं, काम तेच होतं.

चित्र उभ्या दिशेत दबलं की सगळे कोन सारखे बदलत नाहीत, आणि मी फसलो तो इथेच. बाजूला असलेली फाक अरुंद होते, वर किंवा खाली असलेली रुंद होते. हीच २० टक्क्यांची फाक वर्तुळाच्या माथ्यावर असती तर याच फोटोत ती ८८ अंशांची, म्हणजे २४ टक्क्यांहून मोठी दिसली असती, आणि मी कदाचित उलटाच आरोप केला असता.

दुरुस्ती सोपी आहे. फाका जिथे मिळतात तो बिंदू केंद्र धरला. तिथून हिरव्या फाकेच्या वरच्या कडेचं टोक २४३ पिक्सेल उजवीकडे आणि १३२ पिक्सेल वर आहे. उभं अंतर पाऊणपट दबलंय, म्हणून १३२ ला ०.७५ ने भागलं, १७६ आले. मग:

```
tan⁻¹(176 ÷ 243) ≈ 36°
```

खालची कडही तेवढीच, म्हणून पूर्ण फाक ७२ अंश. ३६० चा पाचवा भाग, नेमके २० टक्के. त्रिकोणमिती नको असेल तर फोटो संपादनाच्या कुठल्याही ॲपमध्ये लांबी-रुंदीचं कुलूप काढून वर्तुळाची उंची ४५० वरून ६०० पिक्सेल होईल इतका फोटो उभा ताणा आणि मग कोनमापक लावा.

मी आणखी एका मार्गाने पडताळलं. कोन बदलले तरी सगळं चित्र एकाच प्रमाणात दबतं, म्हणून फाकेचं क्षेत्रफळ आणि पूर्ण चित्राचं क्षेत्रफळ यांचं गुणोत्तर तसंच राहतं. रंगानुसार निवड करून पिक्सेल मोजले: पूर्ण चित्र सुमारे २ लाख १२ हजार, हिरवी फाक सुमारे ४२ हजार ६००. पुन्हा २० टक्केच. हे सगळं मात्र तेव्हाच चालतं जेव्हा फोटो फार जवळून काढलेला नसतो. जवळून काढला की अलीकडची बाजू मोठी आणि पलीकडची लहान येते. इथे क्यूआरची वरची कड १९८ आणि खालची २०० पिक्सेल होती, फरक नगण्य. तो फरक मोठा दिसला तर आधी स्कॅनिंगच्या ॲपने पानाचे चार कोपरे धरून पान सरळ करून घ्यावं लागतं.

तर भूमिती निर्दोष आहे. बेरीज १०० येते हेही खरं. पण बेरीज जुळली म्हणजे नावंही बरोबर आहेत असं होत नाही, आणि माझा मुख्य आक्षेप आता नावांवर आहे.

सर्वांत मोठ्या, निळ्या फाकेवर छापलंय ‘केंद्र सरकार ५५%’. नारिंगीवर ‘राज्य सरकार २५%’. तुम्ही बारा वर्षं प्रस्ताव भरताय, तेव्हा हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे: ‘प्रति थेंब अधिक पीक’ या सूक्ष्म सिंचनाच्या मुख्य योजनेतून २ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या अल्प व अत्यल्प भूधारकाला मिळणारं ५५ टक्के अनुदान एकटं केंद्र देत नाही. ते केंद्र आणि राज्य ६०:४० मध्ये वाटून घेतात. ५५ चे ६० टक्के म्हणजे ३३, हा केंद्राचा वाटा. उरलेले २२ राज्याचे. त्यावर मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून २५ टक्के पूरक अनुदान, तेही राज्याचंच. म्हणजे राज्याचे २२ अधिक २५, एकूण ४७.

नावं खरी ठेवून तोच वृत्तालेख काढला तर केंद्र ३३ टक्के, राज्य ४७ टक्के, शेतकरी २० टक्के होतो. कोनांत सांगायचं तर सुमारे ११९, १६९ आणि ७२ अंश. छापलेल्या चित्रात अर्ध्याहून मोठी फाक केंद्राची दिसते, प्रत्यक्षात सर्वांत मोठा वाटा राज्याचा आहे. ५५ आणि २५ हे शासन निर्णयातलेच आकडे आहेत, हे मी मान्य करतो. ते आकडे कुठल्या योजनेतून किती मिळणार याचे आहेत, कुणाच्या तिजोरीतून किती येणार याचे नाहीत. बोलताना आपण सगळेच ‘केंद्राचे ५५, राज्याचे २५’ म्हणतो आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पत्रकावरही बहुधा तीच बोलीतली सवय उतरली असावी. पण बोलण्यातली सूट छापील चित्राला देता येत नाही, कारण वृत्तालेख पाहणारा माणूस ‘पैसे कोण देतं’ हेच वाचतो. ‘मुख्य योजना ५५, पूरक योजना २५’ असं लिहिलं असतं तर मी एक शब्दही काढला नसता.

आता त्या २० टक्क्यांबद्दल. मूळ लेखात मी लिहिलं होतं की हे २० टक्के कशाचे ते पत्रकात कुठेच नाही. इथेही मला माघार घ्यायची आहे. फोटोत ‘शेतकरी हिस्सा २०%’ च्या पुढे एक बारीक तारांकन दिसतं आणि पानाची खालची कड कापली गेली आहे. ज्यांनी फोटो पाठवला होता त्यांच्याकडून पूर्ण पानाचा फोटो मागवला. तळाशी छापलंय: ‘अनुदान मंजूर मापदंडानुसार, अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी.’ म्हणजे पत्रकाने सांगितलं होतं, फोटोने ते खाल्लं. आकड्यापुढे तारांकन दिसलं आणि खाली टीप दिसली नाही, तर आधी पूर्ण पान मागायचं, हे मी पाळायला हवं होतं.

तरीही ती टीप चित्राचा अर्थ किती बदलते ते पाहा. समजा एका शेतकऱ्याच्या पिकासाठी, त्याच्या लागवडीच्या अंतराप्रमाणे, सरकारने ठरवलेल्या मापदंडाने खर्च १,००,००० रुपये ठरला. त्याने घेतलेल्या संचाचं बिल आलं १,३०,००० रुपये. अनुदान मापदंडावर, म्हणजे ८०,००० रुपये. उरलेले ५०,००० त्याच्या खिशातून. त्याच्या दृष्टीने पूर्ण वर्तुळ म्हणजे १,३०,००० रुपयांचं बिल, आणि त्यात त्याचा वाटा २० नाही, ३८ टक्क्यांहून जास्त. फाक ७२ अंशांची नाही, १३८ अंशांची. हे आकडे मी हिशेब दाखवायला घेतलेत. पण बिल मापदंडाच्या वर गेलं की वाटा याच दिशेने सरकतो, आणि शेतावर होणाऱ्या मोका तपासणीनंतर ‘२० टक्के सांगितले होते’ म्हणून वाद घालणारे शेतकरी तुम्हीही पाहिले असतील.

टिपेतला दुसरा अर्धा भाग तितकाच महत्त्वाचा. २ हेक्टरपेक्षा जास्त जमीन असलेल्यांना मुख्य योजनेतून ४५ आणि पूरक योजनेतून ३० असे ७५ टक्के मिळतात. त्यांच्या वर्तुळात केंद्र २७, राज्य ४८ आणि शेतकरी २५. तीन हेक्टरवाल्याने हे पत्रक पाहून २० टक्क्यांची तयारी केली तर मापदंडाच्या आतच तो ५ टक्क्यांनी कमी पडेल. ही अट वृत्तालेखाच्या शीर्षकात हवी होती. तिथे मोठ्या अक्षरांत फक्त ‘ठिबक सिंचन: कोणाचा वाटा किती?’ एवढंच आहे.

मूळ लेखात आता चपटेपणाचा परिच्छेद आणि ‘टीप नाही’ हे वाक्य खोडलेलं दिसेल, खाली तारखेसह दुरुस्ती आहे आणि तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख आहे. ‘केंद्र सरकार ५५%’ बद्दलचा परिच्छेद मी ठेवला आहे, त्यात ३३ आणि ४७ चा हिशेब जोडला आहे. तुमच्याकडे भरलेल्या प्रस्तावांमध्ये मापदंड आणि प्रत्यक्ष बिल यांत साधारण किती फरक पडतो, हे नावं वगळून सांगू शकलात तर माझ्या समजा-धरलेल्या १,३०,००० च्या जागी मी तो खरा फरक घालेन.